‘काय म्हणता?’ला उत्तर येतं, पण चहाचं बोलावणं फसतं : शिकवणाऱ्यांसाठी समस्या निवारण

नागपुरात बाहेरून आलेल्या लोकांना मी संध्याकाळी बोलायची मराठी शिकवते. रेल्वेतले बाबू, बँकेत बदलून आलेले साहेब, दवाखान्यांतल्या केरळच्या नर्सेस असे सगळे येतात. दर बॅचला चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकच तक्रार ठरलेली असते. ‘मॅडम, नमस्कार-चमत्कार होतो, पण पुढे गाडी सरकत नाही.’ म्हणजे कुणी विचारपूस केली तर उत्तर देता येतं, पण त्यावर आपण होऊन ‘चला, चहा घेऊ’ एवढं म्हणायला गेलं की काहीतरी बिनसतं. हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता कुठून तपासायला लागायचं ते ठरून गेलं आहे. तोच क्रम इथे लिहिते. आधी फुकटातल्या आणि दोन मिनिटांच्या तपासण्या, अवघड त्या शेवटी.

लक्षणं

तुमच्या विद्यार्थ्यात यांपैकी एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

– शेजारी ‘काय म्हणता?’ म्हणतात आणि विद्यार्थी ‘मी तर काहीच म्हटलं नाही’ असं घाबरून सांगतो.
– उत्तर बरोबर येतं, पण इतकं उशिरा की तोवर समोरचा हिंदीवर उतरलेला असतो.
– विद्यार्थी चहाला बोलावतो आणि समोरचा ‘बरं बरं, जा’ म्हणून निघून जातो.
– समोरचा ‘नको’ म्हणतो आणि संभाषण तिथेच धपकन पडतं.
– समोरचा ‘येतो’ म्हणून जातो आणि विद्यार्थी दोन कप चहा घेऊन टपरीवर वाट पाहत उभा राहतो.

शेवटचं लक्षण ऐकून हसू येतं, पण माझ्या एका विद्यार्थ्याचं हे खरंच झालं आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

पहिली तपासणी : विचारपूस ही विचारपूस म्हणून ऐकू आली का?

याला काहीच खर्च नाही. विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत विचारा, ‘त्यांनी तुला काय विचारलं?’ त्याने ‘क्या कहते हो’ असं शब्दशः सांगितलं, तर बिघाड इथेच सापडला.

आपण मराठी माणसं एकमेकांना ‘तुम्ही कसे आहात?’ असं फारसं विचारत नाही. माझ्याकडे सुरुवातीला जे पाठ्यपुस्तक होतं, त्यात ‘तुम्ही कसे आहात? – मी ठीक आहे’ हाच पहिला धडा होता. विद्यार्थी तो घोकून फाटकाबाहेर जायचे आणि बाहेर त्यांना भेटायचं ‘काय म्हणता?’, ‘कसं काय?’, ‘काय चाललंय?’, ‘जेवण झालं का?’ आणि आपल्या नागपुरी थाटात ‘काय करून राहिले?’ किंवा ‘जेवले काय?’. यातल्या एकाही प्रश्नाला माहिती नको असते. ‘जेवण झालं का?’ हे जेवायचं आमंत्रण नाही, आणि नाही झालं असं सांगितलं म्हणून कुणी ताट वाढणार नाही.

म्हणून मी सहा-सात विचारपुशी वेगवेगळ्या आवाजांत फोनवर रेकॉर्ड करून देते. अर्थ सांगत बसत नाही. ‘हे सगळं ऐकलं की एकच समजायचं, समोरच्याने दार उघडलं आहे,’ एवढंच सांगते. बहुतेकांचं पहिलं लक्षण दोन दिवसांत जातं.

दुसरी तपासणी : उत्तर किती लांब आहे?

विद्यार्थ्यासमोर उभे राहून ‘कसं काय?’ म्हणा आणि तो काय करतो ते बघा. एक श्वास घेऊन, वर बघून, वाक्य जुळवून बोलला, तर वाक्य बरोबर असूनही उत्तर नापास. याचं कारण आपल्या गावात आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथे हिंदी आणि मराठी पिढ्यान् पिढ्या एकाच अंगणात नांदतात. समोरचा क्षणभर अडखळला की नागपूरकर चांगुलपणानेच हिंदीत शिरतो, ‘अरे भैया, कैसे हो?’ एकदा गाडी त्या रुळावर गेली की नवशिक्याला ती मराठीवर परत आणता येत नाही.

उपाय असा की उत्तर दोन तुकड्यांचंच ठेवायचं, एक स्वतःचा आणि एक परतफेडीचा. ‘बस, मजेत. तुमचं?’ ‘हो, झालं. तुमचं?’ हे ‘तुमचं?’ मी मुद्दाम निवडलं आहे. ‘तुम्ही कसे’ की ‘तुम्ही कशा’ हे ठरवायला लागलं की नवशिका पुन्हा अडतो. ‘तुमचं?’ला समोर काका आहेत की काकू याने फरक पडत नाही. तसंच ‘जेवले काय?’ला ‘जेवलो’ म्हणायचं की ‘जेवले’, हा गोंधळ ‘झालं’ म्हटलं की सुटतो. सुरुवातीला लिंग लागणारे शब्द जितके टाळता येतील तितकं उत्तर लवकर बाहेर पडतं.

विद्यार्थी बाहेरून ‘बे’ उचलून आला असेल, तर त्याला तेवढ्यातच थांबवा. ‘काय बे’ हे बरोबरीच्या दोस्ताला म्हणायचं. एकाने ते सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं होतं. पुढचे पंधरा दिवस त्याच्या पार्किंगचा प्रश्न लांबला.

तिसरी तपासणी : बोलावणं आहे की चौकशी?

इथून खरं काम सुरू होतं. विद्यार्थ्याला सांगा, ‘मला चहाला बोलाव.’ दहातले बरेच जण म्हणतात, ‘तुम्हाला चहा पाहिजे का?’ व्याकरणात यात काही चूक नाही. पण मराठी कानाला ती चौकशी वाटते, तुमची गरज विचारल्यासारखी. गरज आहे असं कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून उत्तर हमखास ‘नको’ येतं. हॉटेलात वेटरने विचारलं तर ठीक. पंगतीत वाढताना ‘अजून पाहिजे का?’ हेही ठीक, कारण तिथे जेवणारा आधीच पानावर बसलेला असतो. पण ओळख वाढवायची असेल तेव्हा ‘पाहिजे’ मागे ठेवा.

त्याऐवजी मी ‘-ऊ’चं रूप शिकवते. मी काही करणार असेन तर ‘करू का?’, ‘आणू का?’, ‘चहा टाकू का?’, ‘तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडू का?’ दोघांनी मिळून करायचं असेल तर ‘चहा घेऊ’, ‘पोहे खाऊ’, ‘एक चक्कर मारू’. या रूपाचा मोठा फायदा म्हणजे त्याला लिंग नाही. बाई असो की बाबा, ‘टाकू’ ते ‘टाकू’च. ‘टाकतो’ की ‘टाकते’ हा विचार करावा लागत नाही.

हिंदी बोलणाऱ्यांना हे दोन मिनिटांत कळतं, कारण त्यांच्याकडे ते आहेच. ‘करूँ’चं ‘करू’, ‘लाऊँ’चं ‘आणू’, ‘छोड़ूँ’चं ‘सोडू’. ही जोडी त्यांना दाखवून द्या. नाहीतर ते ‘मी तुम्हाला सोडतो का?’ असलं काहीतरी स्वतःच घडवतात, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की हा विचारतोय की स्वतःबद्दल शंका घेतोय.

चौथी तपासणी : ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बोलावणी इथे मरतात, आणि शिकवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. वाक्य सुबक असतं, उच्चार छान असतो, तरी समोरचा निघून जातो.

त्या विद्यार्थ्याचीच गोष्ट सांगते. मूळचा बिहारचा, इथे रेल्वेत नोकरीला. त्याच्या इमारतीत एक निवृत्त काका सकाळी फाटकाशी पेपर वाचत बसतात. त्यांच्याशी ओळख करायची त्याची मनापासून इच्छा. पहिल्या दोन तपासण्या आम्ही नीट करून घेतल्या होत्या. त्याने सांगितलेलं संभाषण असं :

‘काय म्हणता?’
‘बस काका, मजेत. तुमचं?’
‘चाललंय निवांत.’
‘काका, आम्ही चहा घ्यायला चाललो.’
‘बरं बरं, जा.’

त्याला वाटलं काकांनी बोलावणं नाकारलं. खरं तर काकांना बोलावणं मिळालंच नव्हतं. हिंदीत ‘हम’ एकच. त्यात समोरचा धरला आहे की वगळला आहे, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. ‘आपण’मध्ये तुम्हीही आलात, ‘आम्ही’त तुम्ही नाही. ‘आम्ही चहा घ्यायला चाललो’ म्हणजे ‘आमचं आमचं चाललंय, तुम्ही बसा.’ काकांनी शिष्टाचाराने ‘जा’ म्हटलं.

यावर विद्यार्थी ‘आपण’कडे वळतो, पण तिथे दुसरा खड्डा आहे. हिंदीभाषकाला ‘आपण’ ऐकलं की ‘आप’ आठवतं, आणि मराठीतही ‘आपण’ आदराने ‘तुम्ही’साठी वापरतात. ‘आपण चहा घेणार का?’ यातला ‘आपण’ कोण, हे वाक्यावरून नक्की सांगता येत नाही. सुटका क्रियापदात आहे. ‘आपण घेऊ’ म्हणजे दोघं. ‘आपण घ्याल का?’ म्हणजे समोरचा एकटा. म्हणून मी नवशिक्यांना ‘आपण’ सुटा देतच नाही. ‘आपण …ऊ’ ही एक अखंड वस्तू म्हणून देते, आणि आदरासाठी ‘तुम्ही’ पुरेसं आहे असं ठामपणे सांगते.

विद्यार्थ्याची मातृभाषा कोणती हे या तपासणीत आधी विचारा, अर्धा तास वाचतो. तेलुगू बोलणारा असेल तर ‘मनम्’ म्हणजे ‘आपण’ आणि ‘मेमु’ म्हणजे ‘आम्ही’, एवढं सांगितलं की काम झालं. तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’, मल्याळममध्ये ‘नम्मळ्’ आणि ‘ञङ्ङळ्’, गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’. या लोकांना फरक शिकवायचा नसतो, फक्त जोडून द्यायचा असतो. सराव लागतो तो हिंदी किंवा बंगाली बोलणाऱ्यांना.

सराव मी मागून पुढे घेते. आधी फक्त ‘घेऊ’. मग ‘चहा घेऊ’. मग ‘आपण चहा घेऊ’. शेवटी ‘चला ना, आपण चहा घेऊ’. पुढून सुरुवात केली तर नवशिक्याचा जोर ‘चला ना’वरच संपतो आणि वाक्याचं शेपूट तोंडातल्या तोंडात विरतं. मराठीत तर बोलावणं त्या शेपटातच असतं. मागून चढत गेलं की शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त वेळा घोटला जातो. चारही पायऱ्या झाल्या की फक्त वस्तू बदलायची. ‘पोहे खाऊ’, ‘रस पिऊ’, ‘फुटाळ्याला जाऊ’. तर्री पोह्यांचं नाव काढलं की माझ्या वर्गात सराव आपोआप खरा वाटायला लागतो.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं? विद्यार्थ्याला वाक्य म्हणायला सांगू नका, प्रसंग द्या. ‘तू आणि तुझा भाऊ सिनेमाला चाललात, मला फक्त कळव.’ मग, ‘आता मलाही ने.’ पहिल्याला ‘आम्ही’ आणि दुसऱ्याला ‘आपण’ न थांबता आलं की पुढे जा.

पाचवी तपासणी : बोलावल्यानंतर जे उत्तर येतं, ते कळतं का?

पुढच्या आठवड्यात आमचा रेल्वेवाला परत फाटकाशी गेला. यावेळी ‘चला ना काका, आपण चहा घेऊ’ अगदी खणखणीत आलं. काका म्हणाले, ‘नको, आत्ताच झाला.’ मी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्याने सोडलं नाही, ‘अर्धा अर्धा घेऊ काका’ म्हणाला. काका हसले. पेपरची घडी घालत म्हणाले, ‘पुन्हा कधी. येतो मग.’ तो खुशीत टपरीवर गेला, दोन अर्धे चहा सांगितले आणि उभा राहिला. चहावर साय धरली तरी काका येईनात. कारण ते घरी जाऊन आंघोळीला बसले होते.

यात दोन गोष्टी शिकवायच्या असतात. पहिली मी सांगितली होती, दुसरी राहून गेली, आणि चूक माझी होती.

पहिली ‘नको’ची. आपल्याकडे पहिला ‘नको’ हा बहुतेक वेळा शिष्टाचार असतो. लगेच हो म्हणणं हावरटपणाचं वाटतं. म्हणून एकदा पुन्हा म्हणायचं असतं, पण लहान करून. ‘अर्धा अर्धा’, ‘थोडासा’, ‘पाचच मिनिटं’. दुसऱ्यांदाही ‘नको’ आलं तर तिथे थांबायचं, ‘बरं, मग पुढच्या वेळी नक्की’ म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह नवशिक्याने करू नये. तो आपल्या आत्याबाईंचा प्रांत आहे. मात्र ‘मी चहा घेत नाही’ असं उत्तर आलं, तर तो शिष्टाचार नव्हे, ती माहिती आहे. तिथे एकदाही पुन्हा म्हणायचं नाही, वस्तू बदलायची. ‘मग रस घेऊ?’ विद्यार्थी स्वतः नकार देताना ‘नको’ऐवजी ‘नाही’ म्हणतो का, तेही इथेच तपासून घ्या. चहा पुढे केल्यावर नुसतं ‘नाही’ म्हटलं तर ते दार आपटल्यासारखं लागतं.

दुसरी गोष्ट ‘येतो’ची. निरोप घेताना ‘जातो’ म्हणणं आपल्याकडे अशुभ मानतात, म्हणून जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. बाहेरच्याला ते होकारासारखं ऐकू येणारच. मी आता तीन शब्द एका कागदावर लिहून देते. ‘चला’ म्हणजे होकार, आत्ताच निघायचं. ‘आलोच’ किंवा बाई असेल तर ‘आलेच’ म्हणजे होकार, दोन मिनिटं थांबा. नकारानंतर आलेला ‘येतो’ म्हणजे निरोप. शंका वाटली तर चेहऱ्याकडे नाही, चपलांकडे बघायला सांगते. चपला कुठल्या दिशेला वळल्या, त्यावरून उत्तर कळतं. आणखी एक स्थानिक गोष्ट, नागपुरात होकार ‘हो’ऐवजी ‘हाव’ असाही येतो. पुस्तकातला ‘हो’ शोधत बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून तो निसटतो.

सहावी तपासणी : वर्गात जमतं, रस्त्यावर नाही

वरचं सगळं जमलं आणि तरी बाहेर बोलावणं होत नसेल, तर बिघाड विद्यार्थ्यात नाही, जागेत आहे. ही सगळ्यात महाग तपासणी, कारण तिला तुमचा वेळ आणि दुसऱ्या माणसाची मदत लागते. माझ्या घराजवळच्या टपरीवाल्या भाऊंना मी सांगून ठेवलं आहे की माझी मंडळी आली, तर कितीही अडखळली तरी हिंदीत बोलायचं नाही, आणि पहिल्यांदा ‘नको’च म्हणायचं. ते हे काम फार रंगून करतात. विद्यार्थ्याला मी एकट्याला पाठवते, स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. तीन-चार सकाळींत बहुतेक जण मोकळे होतात. वर्गात समोर शिक्षिका असते, तिला बोलावणं हे नाटक असतं. टपरीवर खरा चहा असतो आणि पैसे खरे जातात.

समोरचा हिंदीत गेलाच तर काय करायचं, हेही ठरवून द्या. ‘मराठीत बोला ना, शिकतोय’, बाई असेल तर ‘शिकतेय’. चिडून म्हणायचं नाही. इतकं ऐकल्यावर नागपूरकर उलट खुश होतो आणि जरा जास्तच मराठी बोलायला लागतो. तो मग वेगळा त्रास.

इथे थांबा आणि तज्ज्ञाकडे पाठवा

सहा तपासण्या होऊनही फरक पडत नसेल, तर सराव वाढवत राहू नका. तीन गोष्टी बघा.

शांत खोलीत, समोरासमोरही विद्यार्थी विचारपूस वारंवार ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारत असेल, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेतही असंच होत असेल, तर कानाची तपासणी करून घ्यायला सांगा. हे माझ्याकडे एकदा झालं आहे. बिचाऱ्या बाईंना मी दोन महिने उच्चार नीट ऐका म्हणून सांगत होते, आणि एका कानाने त्यांना कमी ऐकू येत होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जे एका भेटीत कळलं असतं, त्यासाठी दोन महिने वाया गेले.

पहिला शब्द उच्चारताना विद्यार्थी अडकत असेल, अक्षर पुन्हा पुन्हा येत असेल किंवा आवाजच फुटत नसेल, आणि मातृभाषेतही तसंच होत असेल, तर ते भाषेचं शिकणं नाही. वाचा आणि श्रवण तज्ज्ञाकडे पाठवा. आपण घाई करायला लावली की ते वाढतं. अशा वेळी माझी दुसरी तपासणी, ती लगेच उत्तर देण्याची, पूर्ण बंद ठेवा.

आणि कुणाशीही, कुठल्याही भाषेत, बोलण्याआधी घाम फुटत असेल, तो माणूस लोकांना टाळण्यासाठी लिफ्ट सोडून जिन्याने जात असेल, तर ते समुपदेशकाचं किंवा मानसोपचार तज्ज्ञांचं काम. तिथे ‘चला ना, आपण चहा घेऊ’ घोटून घेत बसू नका.

रेल्वेवाल्याचं विचाराल तर पुढच्या रविवारी काकांनीच त्याला हाक मारली. ‘त्या दिवशी दोन चहा तूच प्यायलास म्हणे?’ टपरीवाल्याने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.